स्प्रिंटमध्ये मध्येच घुसणारं काम: आधी मोजा, मग जागा ठेवा

बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं खाली ठेवलंय. आकडे जास्त आहेत तिथे थोडं सावकाश वाचा.

आजचा विषय एका वाक्यातून सुरू होतो. "अरे, जरा दोन मिनिटं हे बघतोस का?" आयटीत काम करत असाल तर हे वाक्य आज सकाळीच ऐकलं असेल. स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये आपण दोन आठवड्यांचं काम ठरवतो, स्टोऱ्या वाटून घेतो, बोर्ड छान दिसतो. दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शनला काहीतरी अडकतं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन्सवाल्यांना डेटा हवा असतो. दोन आठवडे संपतात आणि रिव्ह्यूमध्ये प्रश्न येतो, "ठरवलं होतं तीस पॉइंट, झालं बावीस. का?"

या 'का'चं उत्तर सहसा कोणाकडेच नसतं. सगळ्यांना माहीत असतं की मध्ये बरंच काही आलं. पण 'बरंच काही' हा आकडा नाही. आणि आकडा नसला की दोष माणसावर जातो. बहुतेक वेळा टीममधल्या सगळ्यात नव्या मुलावर किंवा मुलीवर, कारण ॲड-हॉक कामं त्यांच्याकडेच सरकवली जातात. दोन आठवडे राबून बोर्डवर त्यांच्या नावापुढे एकच स्टोरी पूर्ण दिसते. अप्रेझलला तेवढीच दिसते.

म्हणून आज दोनच गोष्टी बघू. हे मध्येच येणारं काम मोजायचं कसं, आणि त्यासाठी किती जागा राखून ठेवायची. या राखीव जागेला आपण बफर म्हणू.

मोजायचं काय, आणि काय नाही

आधी व्याख्या पक्की करू, कारण गोंधळ इथेच होतो. प्लॅनिंग संपलं तेव्हा जे काम स्प्रिंटमध्ये नव्हतं आणि नंतर आलं, ते ॲड-हॉक. प्रॉडक्शनचा बग, सपोर्टचा फोन, "साहेबांना उद्या डेमो आहे, एवढी एक स्क्रीन बदल," टेस्टचं एन्व्हायर्नमेंट बंद पडलं आणि कोणीतरी अर्धा दिवस ते उठवत बसलं, हे सगळं त्यात आलं.

आता काय नाही ते. एखादी स्टोरी आपण तीन पॉइंटची समजलो आणि ती आठची निघाली, तर ते ॲड-हॉक नाही. तो अंदाज चुकला. दर बुधवारी असणारी मीटिंग ॲड-हॉक नाही. गणपतीची सुट्टी तर नाहीच, ती कॅलेंडरवर वर्षभर आधी छापलेली असते. या गोष्टी ॲड-हॉकमध्ये ढकलल्या की आकडा फुगतो, आणि मग त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

नोंद कशी करायची? मोठा फॉर्म केला तर तिसऱ्या दिवशी कोणी भरणार नाही. एक ओळ पुरे, आणि तिच्यात चार गोष्टी: काम काय, कोणाकडून आलं, किती वेळ गेला, आणि पुढच्या प्लॅनिंगपर्यंत थांबलं असतं का. वेळ पंधरा मिनिटांच्या हिशोबात लिहा. पाच मिनिटांचं काम असेल तरी पंधरा, कारण हातातलं सोडून तिकडे जाणं आणि परत येऊन "मी कुठे होतो?" असं आठवणं, यातही वेळ जातोच.

'कोणाकडून आलं' याचा अर्थ विभाग: ऑपरेशन्स, सेल्स, मॅनेजमेंट. व्यक्तीचं नाव लिहू नका. नावं लिहिलीत की ती यादी तक्रारवही होते, आणि लोक चॅटवर गुपचूप कामं सांगायला लागतात. तिथली कामं मग मोजलीच जात नाहीत.

जिरा वापरत असाल तर प्रत्येक ॲड-हॉक कामाचं छोटं तिकीट करून त्याला एक लेबल लावा. मग चालू स्प्रिंटमधलं सगळं असं दिसतं:

```
labels = adhoc AND sprint in openSprints()
```

जिराच्या स्प्रिंट रिपोर्टमध्ये स्प्रिंट सुरू झाल्यावर घातलेल्या तिकिटांपुढे फुलीसारखी खूण येते, म्हणजे ॲस्टेरिस्क. ती उपयोगी आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. ज्या कामाचं तिकीटच झालं नाही, ते तिथे कधीच दिसणार नाही. आणि 'दोन मिनिटं बघ' या कामांचं तिकीट सहसा होत नाही.

एक टीम घेऊन बघू

आता उदाहरण. आकडे समजावण्यासाठी माझ्या मनाने घेतलेत, पण अशी टीम तुम्ही पाहिली असेल. पुण्यातली सहा जणांची टीम, बसचं तिकीट बुक करायचं ॲप सांभाळते. स्प्रिंट दोन आठवड्यांचा, म्हणजे कामाचे दहा दिवस. प्लॅनिंग, रिव्ह्यू, रेट्रो मिळून एक दिवस जातो, उरले नऊ. दिवसाला आठ तास ऑफिस असलं तरी स्टँड-अप, इतर मीटिंगा, मेल, चहा धरून खऱ्या कामाचे तास पाचच्या आसपास पडतात. सहा माणसं, नऊ दिवस, पाच तास: २७० तास. ही टीमची एका स्प्रिंटची क्षमता.

त्यांनी सहा स्प्रिंट नोंदी ठेवल्या. ॲड-हॉक कामात गेलेले तास असे: ३०, ५४, ४१, ९८, ४६, ३७. बेरीज ३०६.

बफर किती ठेवायचा? पहिल्यांदा सगळे सरासरी काढतात. ३०६ भागिले ६, म्हणजे ५१ तास. पण सरासरीत एक गडबड आहे. त्या ९८ने तिला वर ओढलंय. तो एक स्प्रिंट सोडला तर बाकीच्या पाचांची सरासरी साधारण ४२ येते. म्हणजे ५१ हा आकडा ना नेहमीच्या स्प्रिंटचा आहे, ना वाईट स्प्रिंटचा.

दुसरा मार्ग मधला आकडा घ्यायचा. सहाही आकडे चढत्या क्रमाने लावले तर मध्ये ४१ आणि ४६ येतात, त्यांच्या मध्यावर ४३.५. पण मधला आकडा म्हणजेच निम्मे स्प्रिंट त्याच्या वर. तेवढा बफर ठेवला तर दर दुसऱ्या स्प्रिंटला तो फुटणार. दर दुसऱ्या वेळी फुटणारं धरण कोणी बांधत नाही.

म्हणून प्रश्न उलटा विचारायचा: सहापैकी किती स्प्रिंटमध्ये हा बफर पुरला असता? ५४ तास ठेवले असते तर पाच स्प्रिंटमध्ये पुरला असता, एकात नाही. ५४ म्हणजे २७०च्या बरोबर २० टक्के. आणि सहाही स्प्रिंटमध्ये पुरायला हवा असेल तर ९८ ठेवावे लागतील, म्हणजे ३६ टक्के. त्या एका वाईट स्प्रिंटसाठी बाकी पाच वेळा टीमची बरीच ताकद बाजूला काढून ठेवायची. हे महाग पडतं.

मग त्या ९८चं काय? तिथे काय झालं ते बघा. पेमेंट गेटवे ज्या पत्त्यावर आपल्याला "पैसे आले" असं कळवतो, त्या सर्व्हरचं सर्टिफिकेट संपलं. लोकांच्या खात्यातून पैसे गेले, आपल्याला निरोप मिळाला नाही, तिकीट निघालं नाही. सर्टिफिकेट बदलायला तासभर लागला असेल. पण कोणाचे पैसे अडकलेत, कोणाला तिकीट द्यायचं, कोणाला रिफंड, हे हाताने जुळवताना एकूण ६६ तास गेले. अशा घटनेसाठी बफर वाढवायचा नसतो. तिच्यासाठी नियम लागतो, तो पुढे सांगतो. आणि सर्टिफिकेट संपायच्या महिनाभर आधी इशारा देणारा अलर्ट लागतो.

तर या टीमचा बफर ५४ तास. ठरवलेल्या कामासाठी उरले २१६.

इथे एक सापळा आहे

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चांगल्या चांगल्या टीम फसतात. बफर दोनदा कापला जातो.

आपल्या टीमने त्या सहा स्प्रिंटमध्ये ठरवलेल्या स्टोऱ्यांचे पॉइंट पूर्ण केले ते असे: २८, २२, २६, १४, २४, २६. दर वेळी ठरवले होते ३०. सरासरी व्हेलॉसिटी २३च्या थोडी वर.

आता मॅनेजर म्हणतात, "ठीक आहे, व्हेलॉसिटी २३ आणि बफर २० टक्के. मग पुढच्या स्प्रिंटला १८ पॉइंट घ्या." ऐकायला बरोबर वाटतं, पण चूक आहे. ते २३ पॉइंट कधी झाले? ॲड-हॉक कामं चालू असतानाच झाले. व्यत्ययाचा वाटा त्या आकड्यातून आधीच गेलाय. त्यातून परत २० टक्के काढले तर एकाच खर्चाचे पैसे दोनदा कापल्यासारखं होतं. १८ घेऊन टीम आठव्या दिवशी मोकळी होईल, आणि मग वरून कोणीतरी म्हणेल, "बघा, बफरची गरजच नव्हती."

तर हिशोब असा लावा. तुमच्या व्हेलॉसिटीत फक्त ठरवलेल्या स्टोऱ्या मोजत असाल, तर ती व्हेलॉसिटी तशीच वापरा. तिच्यातून काही वजा करू नका. ॲड-हॉक कामांनाही पॉइंट देऊन ते व्हेलॉसिटीत धरत असाल, तर मात्र तेवढे पॉइंट बफर म्हणून वजा करावे लागतील. आणि पॉइंट न धरता सरळ तासांवर प्लॅन करत असाल, तर २७० वजा ५४. तीनपैकी एकच रस्ता निवडा.

"मग व्हेलॉसिटीत आधीच सगळं आलंय, तर तास मोजायचे कशाला?" छान प्रश्न. कारण व्हेलॉसिटी फक्त परिणाम सांगते, कारण सांगत नाही. २२ पॉइंट झाले ते व्यत्ययामुळे, की अंदाज चुकल्यामुळे, की दोघं आजारी होते म्हणून, हे तिच्यावरून कळत नाही. आपल्या टीमकडे दोन्ही आकडे आहेत. ते शेजारी ठेवून बघा. ३० तास व्यत्यय, २८ पॉइंट. ५४ तास, २२ पॉइंट. ९८ तास, १४ पॉइंट. व्यत्यय वाढला की पॉइंट पडतात, दर वेळी. रिव्ह्यूमध्ये 'का' विचारलं की दाखवायला हे दोन रकाने पुरतात. कोणाकडे बोट दाखवावं लागत नाही.

बफर वापरायचा कसा

बफर ठेवला की पुढचा प्रश्न, तो कोणाचा? सहा जणांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला नऊ तास येतात, आणि सहाही जणांचं लक्ष तुटत राहतं. त्यापेक्षा हिशोब बघा. एका माणसाचे स्प्रिंटमधले तास ४५. बफर ५४. म्हणजे बफर साधारण एका माणसाएवढा आहे. मग एका माणसाला सपोर्ट ड्युटी द्या. तो मोठी स्टोरी घेणार नाही. जे काही मध्ये येईल ते आधी त्याच्याकडे. उरलेले नऊ तास बाकीच्यांनी मदत करायला.

ड्युटी दर स्प्रिंटला बदलायची, आणि सीनियरही त्यात हवेत. नाहीतर पुन्हा तेच, सगळ्यात नवीन मुलगी कायमची सपोर्टला. शिवाय ॲड-हॉक कामांची तिकिटं तिच्या नावावर दिसली पाहिजेत. बोर्डवर नसलेलं काम अप्रेझलच्या वेळी कोणाला आठवत नाही.

दुसरं, दार एकच ठेवा. काम कोणाकडूनही येऊ दे, घ्यायचं की नाही हे प्रॉडक्ट ओनर ठरवेल, म्हणजे आपला पीओ. "अगं, कालच्या रिफंडची यादी काढून देतेस का?" असं कोणी थेट येऊन विचारलं तर उत्तर एकच: "पीओशी बोलून घ्या, त्या हो म्हणाल्या की लगेच करते." पीओने फक्त एवढं बघायचं, हे पुढच्या प्लॅनिंगपर्यंत थांबू शकतं का? थांबत असेल तर बॅकलॉगमध्ये. अपवाद एकच. प्रॉडक्शन बंद पडलं असेल तर आधी धावा, परवानगी नंतर.

तिसरं, बफर फुटला तर काय हे आधी ठरवा. पाचव्या दिवशी अर्ध्याहून जास्त, म्हणजे २७ तासांच्या वर गेले असतील, तर स्टँड-अपला तसं सांगायचं. ५४ संपले, तर पुढचं प्रत्येक ॲड-हॉक काम आत येताना तेवढ्याच आकाराचं ठरवलेलं काम बाहेर जाईल. कुठलं, ते पीओ सांगेल. हे 'जास्त वेळ बसून करू' असं सुटत नाही. रात्री बसून केलं की आकडा लपतो, आणि पुढच्या वेळी बफर पुन्हा कमी ठरतो.

या कल्पनेला स्क्रमच्या जगात एक गमतीशीर, खोट्या लॅटिनमधलं नाव आहे: 'इलेजिटिमस नॉन इंटरप्टस'. जेफ सदरलंड आणि जेम्स कोप्लिन यांच्या २०१९च्या 'अ स्क्रम बुक' या पुस्तकात हा पॅटर्न आहे. तिथला नियम माझ्यापेक्षा कडक आहे. बफर इतिहासावरून ठरवा, सगळं पीओमार्फत येऊ द्या, आणि बफर ओसंडला की स्प्रिंट तिथेच थांबवून पुन्हा प्लॅन करा, तारखा पुढे जातील हे मॅनेजमेंटला कळवा. हा नियम कडक असल्यामुळेच चालतो. पुढच्या एका 'छोट्या' कामाने अख्खा स्प्रिंट थांबणार हे माहीत असलं, की मागणारा विचार करून मागतो. पण स्प्रिंट रद्द करायचा अधिकार स्क्रम गाइडने फक्त पीओला दिलाय. तुमच्याकडे त्या पीओच्या मागे कोणी उभं राहणार नसेल, तर अदलाबदलीच्या नियमाने सुरुवात करा.

आणि बफर उरला तर? बॅकलॉगमधली छोटी कामं आधीच काढून ठेवा, ड्युटीवरचा माणूस मोकळा असेल तेव्हा ती उचलेल. पहिल्याच दिवशी बफरमध्ये कोणाचं लाडकं काम घालू नका.

बफर कमी कसा होतो

नोंदींचा खरा फायदा आता. ते ३०६ तास प्रकारांत वाटून बघू. प्रॉडक्शनचे बग ९०. डेटा काढून देणं ८४. ती सर्टिफिकेटची घटना ६६. टेस्ट एन्व्हायर्नमेंट ३६. किरकोळ ३०.

डेटाच्या ८४ तासांकडे बघा. दर स्प्रिंटला सरासरी १४. जवळजवळ सगळ्या मागण्या ऑपरेशन्सकडून, आणि मागणी एकच, रिफंडची यादी. त्यांच्यासाठी एक साधी स्क्रीन करायची, तारीख टाकली की यादी डाउनलोड. समजा २० तास लागले. दोन स्प्रिंटच्या आत वसूल. मोजलं नसतं तर ही स्क्रीन बॅकलॉगच्या तळाशीच राहिली असती, कारण एकेक मागणी अर्ध्या तासाची, कोणाला मोठी वाटतच नाही.

ती स्क्रीन झाल्यावर बफर लगेच कमी करू नका. दर स्प्रिंटला शेवटचे सहा आकडे घ्या, सगळ्यात जुना सोडा, नवा धरा. नवे आकडे खरंच खाली आले की बफरही आपोआप खाली येईल.

गडबड ओळखायची कशी

तीन खुणा सांगतो. बफर दर वेळी अगदी पूर्ण, ५४ पैकी ५४ वापरला जात असेल, तर संशय घ्या. खरे व्यत्यय असे मोजून मापून येत नाहीत. कोणीतरी प्लॅनिंग टाळून कामं मागच्या दाराने आणतंय.

आकडा अचानक दहावर आला आणि पॉइंट मात्र वाढले नाहीत, तर लोकांनी नोंद करणं सोडलंय.

आणि सहा स्प्रिंटनंतर बफर निम्म्याच्या आसपास येत असेल, तर बफरशी झगडू नका. तुमचं काम मुळात रांगेतून येणारं आहे, दोन आठवड्यांच्या वचनात बसणारं नाही. अशा टीमला कानबान जास्त सोयीचं पडतं: जे आलं त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं घ्या, एका वेळी हातात किती कामं हे मर्यादित ठेवा. एक मर्यादाही लक्षात असू द्या. सहा आकडे म्हणजे थोडीच माहिती. टीममधली दोन माणसं बदलली किंवा नवीन प्रॉडक्ट गळ्यात पडलं, की जुने आकडे फारसे कामाचे नाहीत. तेव्हा नव्याने मोजा.

आता तुमच्यासाठी काम. उद्याच्या स्टँड-अपला एक शीट उघडा, चार रकाने करा, आणि हा स्प्रिंट संपेपर्यंत फक्त लिहा. कोणाला थांबवू नका, काही बदलू नका. एका स्प्रिंटचा आकडा बफर ठरवायला पुरणार नाही, पण रिव्ह्यूमध्ये 'का' विचारलं की तुमच्याकडे उत्तर असेल. तुमचे आकडे, कंपनीचं नाव न घेता, कमेंटमध्ये जरूर टाका. पुढच्या भागात भेटू!